रखडलेल्या रस्त्यासाठी माहिती अधिकार: ‘का’ विचारू नका, कागद मागा

प्रश्न: रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या कडेने आमच्या वाडीत जाणारा रस्ता आहे. गेल्या डिसेंबरात दुरुस्तीचा फलक लागला, साधारण दीड किलोमीटर खडी पसरली आणि काम बंद पडले. माहिती अधिकारात ‘काम का रखडले, जबाबदार कोण, कधी पूर्ण होणार’ असे विचारले. ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. आता अपील करू की नवा अर्ज? अर्ज कसा लिहायचा, फी किती आणि पाठपुरावा कसा करायचा?

उत्तर:

नवा अर्ज करा. अपिलाची मुदत, म्हणजे उत्तर हाती आल्यापासून ३० दिवस, उलटली नसेल तरी माझा सल्ला हाच राहील, कारण अपिलात मूळ अर्जात न मागितलेली गोष्ट नव्याने मागता येत नाही आणि आपल्या मूळ अर्जात एकही कागद मागितलेला नाही. मी बांधकाम खात्यात नोकरी केली, त्यातली काही वर्षे जन माहिती अधिकारी म्हणून अशाच अर्जांना उत्तरे दिली आणि निवृत्तीनंतर आता गावकऱ्यांना अर्ज लिहून देतो. आपल्याला आलेले उत्तर कोरडे आहे, परंतु ते कायद्याला धरून आहे. अधिनियमाच्या कलम २(च) मध्ये माहितीची जी व्याख्या आहे, तीत अभिलेख, आदेश, करार, अहवाल, नोंदवह्या, नमुने असे कार्यालयात प्रत्यक्ष अस्तित्वात असलेले साहित्य येते. अर्जदारासाठी नव्याने कारणमीमांसा लिहून देण्याचे किंवा अंदाज वर्तवण्याचे बंधन अधिकाऱ्यावर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सीबीएसई प्रकरणात स्पष्ट केले आहे. ‘का रखडले’ हा प्रश्न आला की अधिकारी याच आधारावर अर्ज निकाली काढतो, आणि राज्य माहिती आयोगापर्यंत गेलात तरी त्याचा निर्णय बहुधा टिकतो.

मात्र ठेक्याने दिलेले काम रखडते तेव्हा त्या रखडण्याची कारणे कुठे ना कुठे लिहिली जातातच. ठेकेदाराला मुदतवाढ हवी असेल तर त्याला लेखी अर्ज करावा लागतो आणि त्यात अडचण काय आली ते सांगावे लागते. कार्यालयाला तो अर्ज मान्य करायचा असो वा फेटाळायचा असो, शेरा मारावा लागतो. ठेकेदार नुसताच निघून गेला असेल तर त्याला नोटीस काढणे हे कार्यालयाचे काम असते. बांधकाम खात्यात जो बी-१ नमुन्याचा करार वापरतात, त्यात विलंबाच्या नुकसानभरपाईसाठी कलम २, काम काढून घेण्यासाठी कलम ३ आणि मुदतवाढीसाठी कलम ६ आहे. म्हणजे आपण ‘का’ विचारता त्याचे उत्तर मुदतवाढीच्या अर्जात, ‘जबाबदार कोण’ याचे उत्तर नोटिसांच्या नस्तीत, म्हणजे फाईलमध्ये, आणि ‘कधी’ याचे उत्तर करारातल्या मुदतीच्या पानावर किंवा मंजूर मुदतवाढीच्या आदेशात असते. ते कागद नावानिशी मागा, म्हणजे ‘प्रश्नार्थक’ म्हणून बाजूला सारण्याची वाट उरत नाही.

अर्ज लिहिण्याआधी एक काम करावे लागेल: रस्ता कोणाचा आणि काम कोणत्या कार्यालयाचे, हे नक्की करणे. या दोन गोष्टी नेहमी एक नसतात. सर्वसाधारणपणे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात, तर प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग प्रमुख राज्य महामार्ग असल्यामुळे त्याची चौकशी जिल्हा परिषदेत करून उपयोग नाही. मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेल ते इंदापूर हा टप्पा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे, पण इंदापूरच्या दक्षिणेला झारापपर्यंतचे काम राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेने हाताळले आहे. तेथे अर्ज राज्याच्या कार्यालयाकडे आणि राज्याच्या फीने करावा लागतो. वाडीचा रस्ता बहुधा जिल्हा परिषदेचा ग्रामीण मार्ग असेल. तरीही ‘२५१५’ या लेखाशीर्षातून पैसे आलेले काम कधी जिल्हा परिषद करते, तर कधी सार्वजनिक बांधकाम विभाग. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतला रस्ता असेल तर कार्यालय आणखी वेगळे, आणि त्या योजनेत रस्ता पूर्ण झाल्यावर पाच वर्षे देखभाल करण्याची जबाबदारी त्याच ठेकेदारावर असते.

हे सगळे कळण्याचा सोपा मार्ग म्हणजे आपण म्हणता तो फलक. त्यावर कामाचे पूर्ण नाव, योजना किंवा लेखाशीर्ष, कार्यालय, ठेकेदार, कार्यारंभाची तारीख आणि मुदत लिहिलेली असते. उन्हापावसाने अक्षरे पुसण्याआधी त्याचा जवळून फोटो काढून ठेवा आणि कामाचे नाव फलकावर आहे तसेच, अक्षरशः, अर्जात उतरवा. गावात ज्या नावाने रस्ता ओळखला जातो, त्या नावाने कार्यालयात नस्ती सापडत नाही. ‘खालच्या वाडीचा रस्ता’ असे लिहिल्यास ‘असे काम या कार्यालयाकडे नाही’ हे उत्तर येते आणि कागदोपत्री ते खरेही असते. फलक गेला असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. कामाचे नाव आणि रस्त्याचा क्रमांक तेथे बहुधा मिळतो.

आता अर्ज कोणत्या पातळीवर करायचा ते पाहू. तालुक्याच्या उपविभागात मोजमापाच्या नोंदी होतात, पण करारनामा, मुदतवाढीचे आदेश आणि नोटिसांची नस्ती ही कार्यकारी अभियंत्याच्या विभागीय कार्यालयात असते. म्हणून विलंबाविषयीचा अर्ज मी विभागीय कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करायला सांगतो. तो अधिकारी नेमका कोण आणि प्रथम अपिलीय अधिकारी कोण, हे कार्यालयाच्या दर्शनी भागातल्या फलकावर लिहिलेले असते. पदांची वाटणी कार्यालयागणिक बदलते, त्यामुळे ‘जन माहिती अधिकारी’ एवढे लिहून कार्यालयाचे नाव अचूक लिहिले तरी पुरते. कार्यालय चुकले तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत अर्ज योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. कायदा असे म्हणत असला तरी वर्ग झालेले अर्ज वाटेत रेंगाळतात, हा माझा अनुभव आहे. फलक नीट वाचणे त्यापेक्षा स्वस्त पडते.

महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या नमुन्यात करतात. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर सर्वसाधारणपणे १५० शब्दांपेक्षा अधिक नसावा. ही मर्यादा अडचणीची वाटते, पण विलंबाच्या कामापुरती ती पुरेशी आहे. माहिती कशासाठी हवी, याचे कारण देण्याची गरज नाही. कलम ६(२) ने ती काढून टाकलेली आहे, म्हणून गावाचे हाल, गरोदर बाईला न्यायला रिक्षा येत नाही, शाळेची मुले चिखलातून जातात, हे सारे खरे असूनही अर्जात लिहू नये. ते निवेदनात लिहावे. आपल्या कामासाठी मी साधारण असा मजकूर लिहीन:

विषय: (फलकावरील कामाचे पूर्ण नाव व रस्ता क्रमांक) या कामाचे अभिलेख.
कालावधी: कार्यारंभ आदेशाच्या दिनांकापासून या अर्जाच्या दिनांकापर्यंत.
माहितीचे वर्णन:
(१) कार्यारंभ आदेश आणि करारनाम्यातील काम पूर्ण करण्याची मुदत नमूद असलेल्या पानाची प्रत.
(२) ठेकेदाराने मुदतवाढीसाठी केलेले अर्ज, त्यांवरील कार्यालयीन शेरे आणि आदेश यांच्या प्रती.
(३) विलंबाबद्दल ठेकेदारास दिलेली पत्रे, नोटिसा आणि करारातील विलंबविषयक कलमांखाली केलेल्या कार्यवाहीच्या प्रती.
(४) आजपर्यंतच्या मोजमाप पुस्तिकेतील नोंदी आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती.
(५) या कामासाठी निधी मागणी आणि निधी प्राप्तीचा पत्रव्यवहार.
(६) कलम २(ञ) नुसार वरील मूळ अभिलेखांची आणि प्रत्यक्ष कामाची पाहणी करावयाची आहे. दिनांक व वेळ कळवावी.
वरीलपैकी एखादा अभिलेख अस्तित्वात नसल्यास तसे मुद्देनिहाय लेखी कळवावे. माहिती अन्य प्राधिकरणाकडे असल्यास कलम ६(३) प्रमाणे अर्ज वर्ग करून मला कळवावे.

शेवटच्या दोन वाक्यांतले पहिले वाक्य गाळू नका. मुद्दा क्रमांक ३ वर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर ठेकेदार महिनोन्महिने गायब असताना कार्यालयाने त्याला एक पत्रसुद्धा पाठवले नाही, हे कार्यालयाच्याच सहीने सिद्ध होते. माझ्या मते विलंबाच्या प्रकरणात याइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

अर्ज कोणाच्या नावे करायचा, यावर कोकणात हमखास घोळ होतो. गावचे ग्रामस्थ मंडळ मुंबईला असते, मंडळाचे लेटरहेड असते आणि अध्यक्ष, सचिव त्यावर सही करून अर्ज पाठवतात. माहितीचा अधिकार कायद्याने नागरिकाला दिलेला आहे, मंडळाला नाही, त्यामुळे असा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. साध्या कागदावर एका व्यक्तीने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या पत्त्यासह सही करावी. ती व्यक्ती मुंबईत राहणारी असली तरी चालते. पाहणीसाठी मात्र गावात असणारा माणूस अर्जदार असेल तर सोय होते.

फीविषयी थोडक्यात. राज्याच्या कार्यालयांसाठी अर्जाची फी १० रुपये असून ती अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प चिकटवून किंवा कार्यालयात रोख भरून पावती घेऊन देता येते. स्टॅम्प तहसील किंवा न्यायालयाच्या आवारातल्या मुद्रांक विक्रेत्याकडे मिळतो. तालुक्याला गेलात की अपिलासाठीचे स्टॅम्पही त्याच वेळी घेऊन ठेवा. पोस्टल ऑर्डर केंद्र सरकारच्या कार्यालयांना चालते. राज्याच्या कार्यालयाला ती पाठवली तर अर्ज परत येण्याचा धोका असतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने पुराव्याची प्रत जोडली की फी लागत नाही. प्रतींसाठी साध्या आकाराच्या पानाला २ रुपये आणि अभिलेख पाहण्यासाठी पहिला तास विनामूल्य, त्यानंतर दर पंधरा मिनिटांना ५ रुपये, असे दर आहेत. rtionline.maharashtra.gov.in या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो, परंतु तेथे नेमके कार्यालय यादीत सापडले नाही तर अर्ज वरच्या कार्यालयात पडून खाली येतो. तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या कामासाठी मला कागदी अर्जच सोयीचा वाटतो. तो हातोहात दिल्यास आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. टपालाने पाठवल्यास स्पीड पोस्टची पावती आणि पोहोचल्याच्या नोंदीची छापील प्रत जपून ठेवा. पुढची सगळी मुदत त्या एका तारखेवर मोजली जाते.

पाठपुराव्याचा हिशेब उदाहरणाने सांगतो. समजा आपला अर्ज ३ नोव्हेंबरला कार्यालयात पोहोचला. कलम ७(१) प्रमाणे ३० दिवस, म्हणजे ३ डिसेंबरपर्यंत माहिती द्यायला हवी. या दरम्यान ‘८४ पाने आहेत, १६८ रुपये भरा’ असे पत्र येऊ शकते. असे पत्र निघाल्यापासून आपण पैसे भरेपर्यंतचे दिवस त्या ३० दिवसांत धरले जात नाहीत, म्हणून रक्कम लगेच भरा. पत्र मुदतीनंतर निघाले असेल तर कलम ७(६) नुसार माहिती विनामूल्य द्यावी लागते. येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी: पत्रावरची तारीख मुदतीतली असते, पण पाकिटावरचा टपालाचा शिक्का नंतरचा असतो. पाकीट फेकू नका. अपिलात तोच पुरावा ठरतो.

३ डिसेंबरपर्यंत काहीच आले नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तो नकार समजला जातो आणि त्या दिवसापासून ३० दिवसांत, म्हणजे २ जानेवारीपर्यंत, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे प्रथम अपील करता येते. त्याचा नमुना ‘जोडपत्र ब’ आणि फी २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. स्मरणपत्रे पाठवण्यात हे ३० दिवस घालवू नका, कारण स्मरणपत्राने मुदत वाढत नाही. आपण ८ डिसेंबरला अपील दिले, तर निर्णय ७ जानेवारीपर्यंत आणि कारणे नोंदवून जास्तीत जास्त २२ जानेवारीपर्यंत व्हायला हवा. सुनावणीला बोलावले तर जरूर जा. तेथे रस्त्याची दुर्दशा सांगण्यात वेळ न घालवता मूळ अर्जातला प्रत्येक मुद्दा, त्याला मिळालेले उत्तर आणि न मिळालेला कागद असे तीन रकाने केलेले एक पान पुढे ठेवा. मी अपिलीय अधिकाऱ्यांसमोर बसून पाहिले आहे: समोर असे पान असले की ते मुद्देनिहाय आदेश देतात आणि पान नसले की ‘अर्जदारास उपलब्ध माहिती द्यावी’ असा मोघम आदेश होतो, ज्याची अंमलबजावणी झाली की नाही हे नंतर ठरवता येत नाही.

ठेकेदाराशी संबंधित कागद ‘तिसऱ्या पक्षाची माहिती’ किंवा कलम ८(१)(घ) प्रमाणे व्यापारी गुपित म्हणून नाकारले गेले, तर अपिलात त्यावर भर द्या. करार होऊन, काम सुरू होऊन, सरकारी पैसा दिला गेल्यावर मुदतवाढीचा अर्ज आणि मोजमाप यांत स्पर्धेला बाधक असे काही उरत नाही, हा युक्तिवाद मजबूत आहे. ठेकेदाराचे बँक खाते किंवा आयकराचे कागद मात्र मागू नका. ते मिळणार नाहीत आणि त्यांच्यामुळे बाकीचा अर्जही अडतो.

प्रथम अपिलातही हाती काही लागले नाही तर राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, जे नवी मुंबईत आहे, ९० दिवसांत द्वितीय अपील करता येते. नमुना ‘जोडपत्र क’, फी पुन्हा २० रुपये. जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करण्याचा अधिकार फक्त आयोगाला आहे. अपील जरूर करा, पण तेथे सुनावणीला बराच काळ लागतो हे धरून चाला. त्याची वाट पाहत स्वस्थ बसणे परवडणारे नाही, म्हणून पाहणीचा मार्ग मी नेहमी समांतर चालू ठेवतो. राज्य शासनाने २०१८ मध्ये जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू देण्याविषयी परिपत्रक काढले आहे. अर्जाच्या आधारे पाहणीला जाताना सोबत पेन्सिल न्या, कारण महाराष्ट्राच्या नियमांनुसार अभिलेख पाहताना पेन वापरता येत नाही.

पाहणीत सर्वांत आधी मोजमाप पुस्तिका उघडायला सांगा. खात्यात तिला ‘एमबी’ म्हणतात. तिच्या पानावर कामाचा तपशील, संख्या, लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी परिमाण असे रकाने असतात; खाली मोजणाऱ्या अभियंत्याची सही आणि उपअभियंत्याने केलेल्या तपासणीची नोंद असते. समजा तेथे लिहिले आहे: खडीकरण, कि.मी. ०/००० ते २/२००, रुंदी ३.०० मीटर, दाबलेली जाडी ७५ मिलिमीटर. म्हणजे २,२०० × ३ × ०.०७५ असे ४९५ घनमीटर काम दाखवले. आपण म्हणता तसे प्रत्यक्षात दीड किलोमीटरच खडी असेल तर ते काम ३३७.५ घनमीटर भरते, आणि १५७.५ घनमीटर खडीचे पैसे न झालेल्या कामाचे निघतात. ही तफावत निघाली तर प्रकरण विलंबापुरते राहत नाही. त्या पानाची प्रमाणित प्रत त्याच दिवशी मागा आणि दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष टेपने रस्ता मोजून तारखेसह फोटो घ्या. रुंदी एकाच ठिकाणी मोजू नका. खाडीकडची कड खचलेली असते, त्यामुळे दर शंभर मीटरवर मोजमाप घ्या. जाडी मोजण्यासाठी रस्ता स्वतः उकरू नका. कलम २(ञ) मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा अधिकार आहे, त्यासाठी कार्यालयाच्या माणसासमक्षच जावे.

मोजमाप आणि खडी जुळत असेल तर मुदतीकडे या. करारात ‘६ महिने, पावसाळा धरून’ असे आहे की ‘पावसाळा वगळून’, हे पान आपल्या भागात निर्णायक असते. कार्यारंभ आदेश ५ डिसेंबरचा आणि मुदत पावसाळा धरून सहा महिन्यांची असेल, तर ती ४ जूनला संपली. पावसाळा वगळून असेल आणि जून ते सप्टेंबर हे चार महिने वगळले असतील, तर मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या काही दिवसांपर्यंत जाते, आणि आपण जूनमध्ये केलेली विलंबाची तक्रार कागदावर टिकत नाही. आमच्याकडच्या पावसात डांबराचे काम करू नये हे बरोबरच आहे. पण मे महिन्यापर्यंत खडी टाकून ठेवून त्यावर डांबराचा थर न देणे म्हणजे पहिल्याच सरींत ती वाहून जाऊ देणे होय, आणि ती पुन्हा टाकण्याचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न मुदतवाढीच्या नस्तीत विचारला गेला आहे का, ते पाहा.

मग मुदतवाढीचा अर्ज वाचा. बहुधा तीनपैकी एक चित्र दिसते. एक, जागेचा अडथळा: कोणाचा जांभ्याचा गडगा, विजेचा खांब, एखाद्याने आपली जमीन असल्याचा घेतलेला आक्षेप. अशा वेळी कार्यालयाला दोष देण्यापेक्षा ग्रामसभेत तो वाद मिटवणे लवकर होते. दोन, पैशांचा अडथळा: ठेकेदाराने देयक दिले, पण निधी आला नाही. हे निधीच्या पत्रव्यवहारातून कळते, आणि तेव्हा पाठपुरावा अभियंत्याकडे नव्हे, तर निधी देणाऱ्या विभागाकडे आणि लोकप्रतिनिधीकडे करावा लागतो. तीन, अर्ज नाही, नोटीस नाही, काहीच नाही. या तिसऱ्या स्थितीत कार्यकारी अभियंत्याला निवेदन द्या, त्याला ‘अभिलेख उपलब्ध नाही’ हे माहिती अधिकारातले उत्तर जोडा आणि करारातल्या विलंबाच्या कलमाखाली कार्यवाही करण्याची मागणी करा. प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना किंवा काम सार्वजनिक बांधकाम विभागाचे असेल तर अधीक्षक अभियंत्यांना द्या. जिल्हाधिकाऱ्यांचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. तेथे हाच संच द्यावा. मोजमापात तफावत निघाली असेल तर तक्रार बांधकाम खात्याच्या दक्षता व गुण नियंत्रण यंत्रणेकडे वेगळी करावी, विलंबाच्या निवेदनात मिसळू नये. माहिती अधिकाराच्या अर्जाने रस्ता होत नाही. त्यातून मिळालेल्या कागदाने केलेल्या मागणीला उत्तर द्यावे लागते, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो कमी नाही.

वेळेबद्दल शेवटचा मुद्दा, कारण आपल्याकडे तो फार महत्त्वाचा आहे. पाऊस थांबल्यावर, ऑक्टोबर संपता संपता किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज द्यावा. मग वर मांडलेल्या हिशेबाने अपील धरूनही जानेवारीच्या अखेरीस कागद हाती येतात, डांबराचा हंगाम चालू असतो आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपण्याआधी कार्यालयालाही खर्च दाखवायचा असतो. शिमग्याला मुंबईकर गावात असतात, तेव्हा रस्त्याच्या मोजणीला माणसेही मिळतात. तोच अर्ज एप्रिलमध्ये केला तर उत्तर मेअखेर, अपील जुलैत आणि तोवर खडी गटारात, असे होते.

आपण फलकाचा फोटो आणि आलेल्या उत्तराची प्रत, नावे झाकून, येथे टाकलीत तर कामाचे कार्यालय कोणते आणि विषयाची ओळ कशी लिहावी, हे मी नक्की सांगू शकेन.